आणीबाणी नव्हती, मग गावं बंद कशी झाली?

ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनामुळे अहमदनगर जिल्ह्यातली ६१ गावं जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद झाली. त्यात पारनेर तालुक्यातलीही गावं होती. साथ खरी होती, हे मान्य. पण या अधिकाराला लगाम कुणाचा?

१९७५ ची आणीबाणी मंत्रिमंडळाला कळली ती राष्ट्रपतींची सही झाल्यावर. म्हणून १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अट घातली: मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवा, महिन्याभरात संसदेची मंजुरी हवी, पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा.

गावबंदीला यातलं काहीच लागत नाही. तिचा आधार आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. घटनेच्या भाषेत ती आणीबाणीच नव्हे. शिवाय याच कायद्याचं कलम ७१ खालच्या कोर्टांना हात घालू देत नाही. पारनेरच्या दुकानदाराला दाद मागायची तर थेट उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ गाठावं लागतं.