पडद्यावरचे ३५ अंश

सगळं डिजिटल असताना अ‍ॅनालॉग कशाला? पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर तारापूर एमआयडीसीत असतो तसा रिअ‍ॅक्टर काढला. तापमान ० ते १०० अंश, म्हणजे वायरमधून ४ ते २० मिलिअँपिअर. ५० अंशांना १२. हा करंट २५० ओहममधून गेला की ३ व्होल्ट. १ व्होल्ट म्हणजे शून्य अंश, ५ म्हणजे शंभर. कॉम्प्युटरचं कार्ड एवढंच जाणतं.

"आणि कार्डचाच इनपुट रेझिस्टन्स १००० ओहम असला तर?"

पॅरलल जोडणीत उरले २०० ओहम, २.४ व्होल्ट, आणि पडद्यावर ३५ अंश! प्रोग्राम अगदी बरोबर. वायर तुटली तर करंट शून्य होतो, निदान कळतं तरी. इथे मल्टिमीटर लूपमध्ये सिरीजला लावला, तरच १२ मिलिअँपिअर दिसून चोरी पकडली जाते. म्हणून माझं मत, सिम्युलेशन नंतर; आधी हे गणित हाताने. आमच्या बाकावरून मात्र प्रश्न आला, "सर, परीक्षेला आहे का?"