‘कुळकायद्यात गेली’ : मराठवाड्यातील मुस्लिमांच्या जमिनी आणि एका सोयीच्या तारखेबद्दल

मराठवाड्यातील मुसलमानांच्या जमिनी कुठे गेल्या, असं कुणालाही विचारा. ‘कुळकायद्यात गेल्या,’ हे उत्तर ठरलेलं आहे. आपल्या समाजातले बुजुर्ग हेच सांगतात, गावातले इतर लोकही हेच सांगतात, आणि जमीन सुधारणांवर शोधनिबंध लिहिणारे अभ्यासकही हेच वाक्य थोडं जड भाषेत लिहितात. त्यांच्या निबंधातली साखळी साधारण अशी असते : निजामी राजवटीत मुसलमान जहागीरदार होते, १९४९ला जहागिऱ्या गेल्या, १९५०ला कुळकायदा आला, म्हणून मुसलमान भूमिहीन झाला आणि कसणाऱ्याला जमीन मिळाली. पुरोगामी वाचक खूश होतो, कारण सरंजामशाही संपली. आपल्यातलाही एक वर्ग खूश होतो, कारण ‘आम्ही जहागीरदार होतो’ हे सिद्ध झालं.

माझं म्हणणं असं आहे की ही साखळी तारखांच्या साध्या हिशेबातही टिकत नाही. तिच्यातून एक मोठी घटना गाळली गेली आहे, आणि ती गाळल्यामुळेच ती सगळ्यांना पचते.

आधी जहागिरीचं पाहू. जहागीर रद्द करण्याचा विनियम १५ ऑगस्ट १९४९चा. त्याने काय गेलं? महसूल गोळा करण्याचा आणि त्या गावांवरील कारभाराचा अधिकार गेला. त्याचा मोबदला जहागीरदारांना हप्त्याहप्त्याने मिळाला. जहागिरीच्या गावातला शेतकरी काल जहागीरदाराला सारा देत होता, आज सरकारला देऊ लागला. शेत त्याच्याच ताब्यात राहिलं. शिवाय हा विनियम धर्म पाहत नव्हता. गदवाल, वनपर्तीसारखी हिंदू संस्थानंही त्याच फटक्यात गेली. राज्यात जहागीरदार हजाराच्या आसपास होते. त्यांच्या नुकसानीवरून लाखो मुसलमानांचं भूमिहीन होणं समजावून सांगता येत नाही. मराठवाड्यातला बहुसंख्य मुसलमान विणकर, कारागीर, शिपाई, छोटा इनामदार, छोटा पट्टेदार किंवा दुसऱ्याच्या शेतावरचा कूळ होता. पण आत्मचरित्रं लिहिली ती अश्राफांनी, त्यामुळे हवेली गेल्याचं दुःख छापलं गेलं आणि चार एकर गेल्याचं दुःख ओट्यावरच राहिलं.

आता कुळकायदा. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५०चा, अंमल जून १९५०पासून. त्यात ‘संरक्षित कूळ’ कोण, याची अट स्पष्ट आहे. जमीन सलग सहा वर्षं कसलेली हवी. ही सहा वर्षं एकतर फसली १३४२ ते १३५२ या काळातली, किंवा १ जानेवारी १९४८च्या लगत आधीची, किंवा फसली १३५३ सुरू झाल्यानंतरची पण कायदा लागू होण्याआधी पूर्ण झालेली असावीत. कुठलाही पर्याय घ्या, सहा वर्षं लागतातच.

या अटीसमोर सप्टेंबर १९४८ ठेवा. १३ ते १७ सप्टेंबरला पोलीस अॅक्शन झाली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव अत्याचार केले होते, ते लपवण्याचं काही कारण नाही. पण पुढच्या आठवड्यांत त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत रझाकारांशी कसलाही संबंध नसलेले असंख्य लोक होते. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे, असं तिने नोंदवलं. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. लूट आणि जाळपोळीसोबत घरं आणि जमिनी बळकावल्याचीही नोंद तिने केली. अनेक दशकं हा अहवाल दाबून ठेवला गेला.

समजा, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका गावात बारा एकरांचा मुस्लीम पट्टेदार होता आणि तो स्वतः जमीन कसत होता. हे उदाहरण मी समजुतीसाठी रचलेलं आहे. सप्टेंबर १९४८मध्ये तो कुटुंब घेऊन शहराकडे पळाला. त्या रब्बीला शेजाऱ्याने शेत पेरलं आणि पुढेही पेरत राहिला. १९५४-५५च्या खासरापत्रकात ताबा शेजाऱ्याचा लागला. साठच्या दशकात मालकी कागदोपत्रीही त्याचीच झाली. आज दोन्ही घरं म्हणतात, ‘कुळकायद्यात गेली.’ पण जून १९५०मध्ये या शेजाऱ्याचा ताबा जेमतेम पावणेदोन वर्षांचा होता. सहा वर्षांची अट तो कुठल्याही पर्यायाने पूर्ण करू शकत नव्हता. म्हणजे कुळकायदा या हस्तांतराचं कारण असूच शकत नाही. कायद्याच्या आधीच ताबा बदलला होता. कागदाने त्याला नंतर नाव दिलं.

आता उलट बाजू. दुसरा माणूस मुसलमान कूळ होता, एका देशमुखाची जमीन दहा वर्षं कसत होता. कायद्याच्या भाषेत तो संरक्षित कूळ ठरायलाच हवा होता. पण १९४८ला तो पळाला, आणि कुळांच्या नोंदी तयार झाल्या त्या १९५१च्या सुमारास. हजर नसलेल्या माणसाला दावा सांगावा लागे, मुदतीत अर्ज करावा लागे, तहसीलदारासमोर उभं राहावं लागे. ज्या गावात परत जायची त्याची हिंमत नव्हती, त्याच गावचे साक्षीदार आणावे लागत. त्याचं नाव नोंदीत आलंच नाही, तर जमीन सुधारणेच्या इतिहासात तो माणूस अस्तित्वातच नाही.

इथे अ. म. खुस्रो यांचा अभ्यास घ्यावा लागतो. हैदराबादमधल्या जमीन सुधारणांवरचं त्यांचं पुस्तक १९५८चं, आणि अजूनही तोडीस तोड नाही. १९५१मध्ये निर्माण झालेल्या दर १०० संरक्षित कुळांचं चार वर्षांनी काय झालं, हे त्यांनी तपासलं. ४५.४ कुळं टिकली, १२.४ जमीन विकत घेऊन मालक झाली, २.६ कायदेशीर मार्गाने निघाली, २२.१ बेकायदा हुसकावली गेली आणि १७.५ कुळांनी ‘राजीखुशीने’ जमीन सोडली. या राजीखुशीत किती खुशी होती, हे गावात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. संरक्षण आधी मिळालं, मालकी सक्तीने देण्याची तरतूद १९५४च्या दुरुस्तीने आली आणि तिचा अंमल त्याहूनही उशिरा झाला. तेलंगणाच्या बहुतेक भागात तर तो १९७३ला झाला. मधल्या काळात मालकाला धोका कळला होता, आणि कुळाच्या हातात अजून काही पडलं नव्हतं.

हे आकडे आपले अभ्यासक दोन प्रकारे चुकीचे वापरतात. एक तर ते मुसलमानांबद्दलचे समजून वापरतात. ते कुळांबद्दलचे आहेत, सर्व धर्मांच्या आणि जातींच्या. दुसरी गफलत जास्त गंभीर आहे. खुस्रो यांचे शंभर १९५१पासून मोजायला सुरुवात होते. १९४८ला पळालेला कूळ त्या शंभरात नाहीच. म्हणजे जी कालरेषा १९५०च्या कायद्यापासून सुरू होते, ती हुसकावलेल्यांचा पहिला जथा मोजणीच्या बाहेर ठेवूनच सुरू होते. निबंधाची पहिली तारीख कोणती घ्यायची हा मांडणीचा किरकोळ प्रश्न वाटतो, पण कोण पीडित ठरणार हे तिथेच ठरून जातं.

कुळकायद्यात मुस्लीम मालकांच्या जमिनी गेल्याच नाहीत, असं मी म्हणत नाही. गेल्या, आणि त्या जाणं न्याय्यही होतं. तीस वर्षं घाम गाळणाऱ्या कुळाला जमीन मिळाली तर मालक मुसलमान होता म्हणून मी रडणार नाही. पण ही साखळी वेगळी आहे आणि ती ओळखताही येते. नंतर मालक झालेल्या माणसाचं नाव १९४८च्या आधीच्या पहाणीपत्रकात कूळ म्हणून दिसतं का, हे पाहायचं. दिसलं तर कुळकायदा हे कारण मानायला जागा आहे. तो पहिल्यांदा खासरापत्रकातच उगवत असेल, तर मधल्या वर्षांचा जाब मागायला हवा. मधे खरेदीखत असेल तर त्याची तारीख आणि भाव पाहायचा, आणि त्याच शिवारातल्या त्याच सुमाराच्या दुसऱ्या व्यवहाराशी ताडायचा. निम्म्या-पाव भावात झालेली खरेदी म्हणजे तिसरी साखळी. तिथे कुळकायदाही नाही आणि उघड बळजबरीही नाही, तर भीतीने केलेली विक्री आहे.

यात एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. हैदराबादचं फसली वर्ष १ आजूरला, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या सुमारास बदलत असे. त्यामुळे फसली साल इसवी सनात आणताना ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ५९१. लोक सरसकट ५९० मिळवतात. मग १३५७ फसलीच्या आबानमधली नोंद सप्टेंबर १९४७ची ठरते. ती प्रत्यक्षात सप्टेंबर १९४८ची, म्हणजे ऐन पोलीस अॅक्शनच्या दिवसांतली असते. एका आकड्याच्या चुकीने भीतीपोटी झालेली विक्री शांततेच्या काळातली स्वखुशीची विक्री होऊन जाते. वर्ष नुसतं ‘१३५७’ लिहिलेलं असेल आणि महिना वाचता येत नसेल, तर ती नोंद कुठल्याच बाजूचा पुरावा म्हणून वापरू नये.

राहिला तोंडी पुराव्याचा प्रश्न. दोन्ही घरं ‘कुळकायद्यात गेली’ असं का म्हणतात? मला वाटतं, त्या गावात दोघांनाही पुढे राहायचं होतं. जे परतले त्यांना त्याच शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायचं होतं, त्याच्याच शेतात मजुरीला जायचं होतं. ‘तू घेतलीस’ म्हणण्यापेक्षा ‘कायद्याने गेली’ म्हणणं सुरक्षित होतं, आणि ज्याने घेतली त्यालाही ते ऐकायला बरं वाटत होतं. बुजुर्गांनी जगण्यासाठी वापरलेला हा शब्द होता. त्यांच्याकडे त्याचा जाब मी मागणार नाही. विद्यापीठात बसून तोच शब्द कारण म्हणून लिहिणाऱ्याकडे मात्र मागेन. मुलाखतीत हे वाक्य आलं की पुढचा प्रश्न ‘कोणत्या साली?’ हा नसावा, कारण उत्तरात कायद्याचंच साल येतं. ‘शेवटची पेरणी तुमच्या घरच्यांनी कोणत्या हंगामात केली?’ असं विचारावं. साल विसरलं जातं, पण ज्वारी उभी होती की काढून झाली होती हे शेतकऱ्याचं घर विसरत नाही.