'व्ह्यू इन रूम'वर किती विश्वास ठेवायचा? हॉलचा फोटो, एक ए-फोर कागद आणि थोडं गणित

वॉल आर्ट विकणाऱ्या बहुतेक साइट्सवर आता प्रिंट भिंतीवर लावून दाखवायची सोय असते. कुठे कॅमेरा उघडून लाइव्ह बघता येतं, कुठे आपल्या हॉलचा फोटो अपलोड करायचा आणि त्यावर प्रिंट बोटाने सरकवायची. विश्रांतवाडी-धानोरी पट्ट्यात नवीन फ्लॅटचा ताबा घेतलेले माझे दोन-तीन मित्र सध्या हेच करत बसलेत. तक्रार सगळ्यांची एकच: स्क्रीनवर भरदार दिसलेली प्रिंट भिंतीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी वाटते. अॅप खोटं बोलतंय असं नाही. आपण त्याला मोजपट्टीच चुकीची देतो.

आधी लाइव्ह कॅमेऱ्याचं बघू. ही सोय अँड्रॉइडवर गुगलच्या एआरकोअरवर आणि आयफोनवर एआरकिटवर चालते. फोन हलवताना कॅमेऱ्याला दिसणारे कोपरे, डाग, कडा असे ठिपके धरून सॉफ्टवेअर भिंत कुठे आहे ते ठरवतं. आपल्या हॉलची ताजा रंग दिलेली सपाट पांढरी भिंत म्हणजे धरायला ठिपकाच नाही! मग फ्रेम तरंगते, सरकते, मागेपुढे होऊन लहानमोठी दिसते. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असेल तर त्याच फोनवर तीच फ्रेम बऱ्यापैकी जागेवर बसते. (कालनिर्णयचा हा उपयोग कुणी छापलेला नाही.) लायडार असलेल्या आयफोन प्रोमध्ये हा त्रास कमी, पण तो फोन सगळ्यांकडे नसतो. म्हणून मला साधा फोटोच बरा वाटतो. फक्त तो काढायच्या आधी भिंतीवर, प्रिंट जिथे लावायची तिथेच, एक कोरा ए-फोर कागद आडवा चिकटवायचा. त्याचं माप पक्कं आहे: २९.७ × २१ सेंटीमीटर.

कागदच का, सोफा का नाही? कारण सोफा भिंतीच्या पुढे येतो. विश्रांतवाडीतल्या एका मित्राच्या हॉलचं उदाहरण घ्या. खोलीची रुंदी १० फूट, समोरच्या भिंतीला टेकून फोटो काढला तर कॅमेरा सोफ्यामागच्या भिंतीपासून साधारण २७० सेंटीमीटरवर येतो. थ्री-सीटर सोफा १९८ सेंटीमीटर लांब आणि ८५ सेंटीमीटर खोल. म्हणजे सोफ्याची पुढची कड कॅमेऱ्यापासून १८५ सेंटीमीटरवरच आहे, आणि जवळची वस्तू मोठी दिसते. किती? २७० भागिले १८५, जवळजवळ दीडपट.

त्याच्या फोटोत कागदाची रुंदी ३३० पिक्सेल भरली, म्हणजे भिंतीवर १ सेंटीमीटरला ११ पिक्सेल. सोफ्याची पुढची कड मात्र ३२०० पिक्सेल भरली. तिला १९८ सेंटीमीटर धरलं तर १ सेंटीमीटरला १६ पिक्सेल येतात. त्याला १८ × २४ इंचाची उभी प्रिंट आवडली होती. १८ इंच म्हणजे ४५.७ सेंटीमीटर. कागदाच्या मापाने ती फोटोत ५०८ पिक्सेल रुंद यायला हवी, सोफ्याच्या मापाने ती ७३९ येते. स्क्रीनवर भरदार आणि भिंतीवर तिकीट, ते इथे होतं. बोटाने अंदाजे सरकवतानाही आपलं मन हीच चूक करतं, कारण नजरेला मोजपट्टी म्हणून सोफाच दिसतो.

```
फोटोतली रुंदी = प्रिंटची रुंदी × कागदाचे पिक्सेल ÷ २९.७
(प्रिंटची रुंदी सेंटीमीटरमध्ये; १ इंच = २.५४)
```

फोटो काढताना ०.५ची वाइड लेन्स नको, १एक्सच ठेवा. फोन कागदाच्या उंचीवर आणि भिंतीला समांतर धरा. तो वाकडा होता का, हेही कागदच सांगतो. कागदाची डावी आणि उजवी कड फोटोत मोजा. एक २३३ आणि दुसरी २२० आली, तर फोन तिरपा होता. फोटो पुन्हा काढा, एडिटरमध्ये सरळ करत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. साइटवरचं माप फ्रेमसकट आहे की नुसत्या कागदाचं, तेही बघा. फ्रेमच्या पट्टीने दोन्ही बाजूंना एकेक इंच सहज वाढतो.

आता रंग. तोच कागद इथेही कामाला येतो. मित्राने फोटो रात्री, पिवळसर एलईडी लावून काढला होता. फोनने आपल्या परीने रंग सुधारले, तरी कागद फिकट पिवळाच दिसत होता. अशा फोटोवर साइटवरची प्रिंट ठेवली की ती उगाच निळसर, परकी वाटते, कारण तिची फाइल पांढऱ्या उजेडाची आहे. मग आपण 'मॅच' होणारी म्हणून जास्त पिवळट प्रिंट निवडतो. ती घरी येते, तिच्यावर पुन्हा तोच पिवळा दिवा पडतो, आणि प्रिंट दुप्पट पिवळी दिसते.

उपाय सोपा आहे. स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्स उघडून पिकर कागदावर ठेवा. कागद पांढरा झाला की सोफा आणि पडदे त्यांच्या खऱ्या रंगाच्या जवळ येतात. प्रिंटची तुलना या फोटोवर करा. झेरॉक्सचा कागद दिवसाच्या उजेडात किंचित निळसर चमकतो, त्यामुळे अगदी काटेकोर जुळणी मिळणार नाही. पण पडदा मरून आहे की विटकरी, एवढं नक्की कळतं. फोनचा डिस्प्ले 'व्हिव्हिड'वर असेल तर 'नॅचरल' करा आणि नाइट मोड बंद ठेवा.

इतकं करूनही स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा हिरवा छपाईत थोडा मरतो. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, शाई फक्त पडलेला उजेड परत फेकते. जुन्या चित्रांच्या बाबतीत तर मूळ रंग कोणता, हाच प्रश्न असतो. राजा रविवर्मांच्या छापखान्यातून (मुंबईत १८९४ला सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला) निघालेले कागद आता पिवळे पडलेत. त्यांचे स्कॅन कुणी तसेच ठेवतं, कुणी उजळवतं. एकच चित्र दोन साइट्सवर दोन रंगांत दिसलं, तर एकाचा रंग बघून दुसरीकडे ऑर्डर देऊ नका.

राहिला तोल. प्रिंट सोफ्याच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असावी, असा सजावटवाल्यांचा ढोबळ नियम आहे. मित्राची एकटी प्रिंट सोफ्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी भरत होती. तशाच तीन प्रिंट्स ५ सेंटीमीटरच्या फटीने लावल्या तर एकूण १४७ सेंटीमीटर होतात, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश. त्याने तेच ठरवलं. मधली प्रिंट सोफ्याच्या मध्यावर येईल, भिंतीच्या नाही, कारण उजवीकडे दार असल्याने सोफा मुळातच डावीकडे सरकलेला आहे. खालची कड सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २० सेंटीमीटर वर. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर ठेवायचा सल्ला इंटरनेटभर सापडतो, पण तो गॅलरीत उभं राहून बघणाऱ्यांसाठी आहे. हॉलमध्ये आपण बसलेले असतो, थोडं खाली चालतं.

तिन्ही प्रिंट्स फोटोवर बसवल्या की फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि गॅलरीतल्या थंबनेलएवढा लहान करून बघा. रंग आणि बारकावे गेले की नुसते गडद-फिकट ठोकळे उरतात. मित्राच्या फोटोत खिडकीचा मरून पडदा डावीकडे सगळ्यात काळा ठोकळा झाला, उजवीकडे वर एसी आणि खाली स्विचबोर्ड हे दोन पांढरे. तीनपैकी सर्वात गडद प्रिंट त्याने आधी डावीकडे, पडद्याशेजारी ठेवली होती, त्यामुळे सगळं वजन एकाच बाजूला कलत होतं. ती उजवीकडे नेली आणि फोटो पुन्हा लहान करून बघितला. आता फक्त स्विचबोर्ड उजव्या फ्रेमच्या कडेपासून ४ सेंटीमीटरवर येतोय, म्हणून भोकं पाडायच्या आधी तिन्ही मापांची वर्तमानपत्रं कापून भिंतीवर चिकटवली आहेत.