'आपोआप' या एका शब्दाकडे लक्ष द्या



माझ्या वर्गातल्या एका मुलाची ताई स्पर्धा परीक्षेची तयारी करते. परवा ती प्रश्नसंच घेऊन आली. म्हणाली, "सर, माझं उत्तर चुकलं म्हणतात, पण का ते कळत नाही." प्रश्न असा होता:

विधान 1 : राष्ट्रीय आणीबाणी घोषित होताच कलम 19 मधील स्वातंत्र्ये आपोआप स्थगित होतात.
विधान 2 : आणीबाणीतही कलम 20 व 21 च्या हक्कांसाठी न्यायालयाचे दार बंद करता येत नाही.

तिने 'फक्त दुसरे विधान बरोबर' असे लिहिले होते. उत्तरसूचीत 'दोन्ही बरोबर' होते. माझ्या मते मुलगी बरोबर आहे, उत्तरसूची चूक आहे.

आधी पहिले विधान पाहू. कलम 352 नुसार आणीबाणी तीन कारणांनी लागू होते : युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव. कलम 358 नुसार कलम 19 आपोआप स्थगित होते, पण फक्त पहिल्या दोन कारणांत. सशस्त्र उठाव असेल तर तसे होत नाही. तेव्हा कलम 359 खाली राष्ट्रपतींना वेगळा आदेश काढावा लागतो आणि कोणत्या हक्कांसाठी न्यायालयात जाता येणार नाही ते त्यात सांगावे लागते. विधानात कारणच दिलेले नाही, म्हणून ते सरसकट खरे धरता येत नाही.

मग सूचीत चूक कशी आली? मला वाटतं, जुन्या पुस्तकातून. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीपूर्वी हेच विधान बरोबर होते. तेव्हा 'अंतर्गत अशांतता' हेही कारण चालत असे आणि कोणत्याही आणीबाणीत कलम 19 स्थगित होई. जून 1975 ची आणीबाणी याच कारणाने लागली. कलम 21 साठी न्यायालयात जाण्याचा हक्कही आदेशाने थांबवला गेला. विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्यांनी दाद मागितली, तर एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की दाद मागताच येणार नाही. विरोधातले एकमेव मत न्या. एच. आर. खन्ना यांचे होते.

दुसरे विधान या अनुभवातून आले आहे. 44 व्या दुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र उठाव' घातले आणि 20 व 21 ही कलमे 359 च्या आदेशातून कायमची वगळली.

विधानांचे प्रश्न वाईट नाहीत. पण मुलं नुसते कलमांचे आकडे पाठ करतात आणि 'आपोआप', 'सर्व', 'कोणत्याही' हे शब्द वाचतच नाहीत. घरी सराव घेताना दोनच प्रश्न विचारा : आणीबाणी कोणत्या कारणाने? आणि हक्क आपोआप थांबला की आदेशाने?

ताईला मी सांगितलं, "तुझं उत्तर खोडू नकोस."