कात्री चालली की दुसरा अंक

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी दोन हजार शब्दांची कथा लिहिताय? मग तीन अंकांचा आराखडा साधारण ५००, १००० आणि ५०० शब्दांचा. पण नुसते शब्द वाटून भागत नाही, अंक नेमका कुठे बदलतो ते ठरवावं लागतं.

ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ घ्या. तीही जवळपास एवढीच आहे. डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट आहेत, उद्या ख्रिसमस आणि नवऱ्याला भेट द्यायचीय. तिचे लांब केस आणि जिमचं वडिलोपार्जित घड्याळ लेखक इथेच दाखवून ठेवतो. केसांवर कात्री चालते तिथे पहिला अंक संपतो, कारण आता मागे फिरणं नाही. तुमच्या नायिकेला निर्णय सहज बदलता येत असेल, तर अंक बदललेलाच नाही.

दुसऱ्या अंकात २० डॉलर हातात येतात, ती घड्याळासाठी साखळी घेते आणि मग धाकधूक: या केसांत जिमला मी आवडेन ना? बस्स. उपकथानक एवढ्या जागेत मावतच नाही. तिसऱ्यात जिम येतो. घड्याळ विकून त्याने तिच्या केसांसाठी कंगवे आणलेत!

त्यामुळे आराखडा शेवटाकडून लिहायला घ्या. तिसऱ्या अंकाला लागणारी प्रत्येक वस्तू पहिल्यात दिसते का, तपासा. शेवटच्या पानावर अचानक उगवणारा अपघात वाचकाला फसवणूक वाटतो. बाकी, ओ. हेन्रीने शेवटी जोडलेला स्पष्टीकरणाचा उतारा मला तरी जास्तीचा वाटतो.