कामाच्या गोष्टी : सहा वाक्यांची शिफारस

पूर्वी आपल्याकडे नोकरीसाठी 'चिठ्ठी' लागायची. साहेबांच्या लेटरहेडवर चार ओळी, खाली सही-शिक्का, आणि ती वर्षानुवर्षे फाइलीत जपून ठेवलेली. आता तीच चिठ्ठी लिंक्डइनवर चारचौघांत टांगलेली असते, आपलं नाव, हुद्दा आणि तारखेसकट. मंडळाच्या कार्यक्रमात हल्ली बरेचजण विचारतात, "अहो, त्यात लिहायचं तरी काय?" म्हणून एका शिफारशीची हकीकत सांगतो.

आमच्या टेस्टिंगच्या टीममध्ये तीन वर्षं एक मराठी मुलगी होती. तिला आपण वृंदा म्हणू. ती पुढे दुसरीकडे गेली, तिथला प्रोजेक्ट बंद पडला आणि नोकरी गेली. एच-वन व्हिसावर नोकरी सुटली की नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यातले बारा गेले होते. तिने निरोपाबरोबर मजकूरही पाठवला : "सर, तुमचा वेळ नको जायला, हेच टाका." मजकूर असा, की वृंदा कष्टाळू आहे, मनमिळाऊ आहे, टीममध्ये सगळ्यांना हवीहवीशी वाटते, कोणत्याही कंपनीला तिचा फायदाच होईल.

यात खोटं काही नव्हतं. पण वृंदाचं नाव खोडून दुसर्‍या कुणाचंही घातलं तरी मजकूर तसाच चालला असता. शिवाय 'मनमिळाऊ' हे विशेषण मुलींच्याच वाट्याला फार येतं. मुलगा असता तर आपण त्याने काय केलं ते लिहिलं असतं.

मी तिला फोन करून एकच विचारलं, "आता काम कसलं हवंय?" म्हणाली, टेस्ट ऑटोमेशनची जबाबदारी घ्यायचीय. मग तीन वर्षांतली तेवढीच एक गोष्ट निवडली. आमच्या रात्रभर चालणार्‍या टेस्ट आठवड्यातून दोन-तीनदा कारण नसताना नापास व्हायच्या. सगळे सॉफ्टवेअरला दोष देत होते. वृंदाने दोन आठवडे नापासांच्या वेळा वहीत मांडल्या. तिच्या लक्षात आलं की त्याच पॉवर सप्लायवरचा दुसरा हीटर चालू झाला की व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि बोर्ड रीसेट होतो. सप्लाय वेगळे केले, आणि त्या नापास टेस्ट थांबल्या.

लिहिलं इंग्रजीतच. त्याचा मराठी मासला असा :

"वृंदा तीन वर्षं माझ्या हाताखाली टेस्ट इंजिनिअर होती. आमच्या रात्रीच्या टेस्ट अधूनमधून नापास होत आणि कारण कुणाला सापडत नव्हतं. तिने दोन आठवडे नोंदी ठेवून दाखवून दिलं की दोष सॉफ्टवेअरचा नसून सामायिक पॉवर सप्लायचा आहे. त्यानंतर सकाळी आलेला रिपोर्ट पुन्हा तपासत बसण्याची गरज उरली नाही. हे शोधायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ऑटोमेशनची जबाबदारी मी तिच्यावर निर्धास्तपणे सोपवीन."

सहा वाक्यं. लिंक्डइनच्या चौकटीत ३००० अक्षरं मावतात, पण मावतात म्हणून भरायची नसतात. प्रोफाइलवर सुरुवातीच्या ओळीच दिसतात, बाकीचं वाचायला बटण दाबावं लागतं. म्हणून नातं आणि अडचण आधी.

टाकण्यापूर्वी तीन गोष्टी पाहिल्या. आधी आमच्या एच.आर.ला विचारलं. अमेरिकेत बर्‍याच कंपन्या माजी कर्मचार्‍याबद्दल हुद्दा आणि तारखा यांपलीकडे काही सांगू देत नाहीत. दुसरं, ग्राहकाचं आणि प्रॉडक्टचं नाव गाळलं. तिसरं, व्हिसा, नोकरी जाणं, घरची अडचण यांचा उल्लेख टाळला. कळवळ्याने लिहिलेलं 'तिला संधी द्या' हे वाचणार्‍याला तिची बाजू लंगडी असल्यासारखं वाटतं. अतिशयोक्तीही नको, कारण नोकरी देणारा उद्या तुम्हालाच फोन करील, आणि तेव्हा त्याच वाक्यांची फोड करून सांगता आली पाहिजे.

बाकी यंत्रणा सोपी. तुम्ही दोघं एकमेकांच्या थेट कनेक्शनमध्ये हवेत. तिच्या प्रोफाइलवर More मध्ये Recommend निवडायचं. मग तुमचं नातं आणि त्या वेळचा हुद्दा विचारतात. इथे खरंच जे नातं होतं तेच निवडा. हाताखाली काम केलं नसेल तर 'वरिष्ठ होतो' एवढंच म्हणावं. पाठवल्यावर ते लगेच जगाला दिसत नाही. आधी तिच्याकडे जातं, ती मान्य करते किंवा दुरुस्ती सुचवते. वृंदाने 'दोन आठवडे'चं 'तीन आठवडे' करायला सांगितलं, तिच्या वहीत तसं होतं. केलं.

वर तिने विचारलं, "सर, मीपण तुमच्यासाठी लिहू का?" म्हटलं, आत्ता नको गं. एकाच दिवशी दोघांनी एकमेकांना दिलेल्या शिफारशी लग्नातल्या आहेर-परतआहेरासारख्या दिसतात, आणि दोन्हींवर तारीख छापलेली असते.