चढावर नेम वर? कोणी सांगितलं?

सध्या सुट्टीवर भिलाईत, नेहरू नगरच्या घरी आहे. काल पुतण्या आला. तोही फौजेत आहे, नुकतीच डोंगरातली पोस्टिंग आली आहे. निघताना म्हणाला, "काका, वर मारायचं तर नेम थोडा वर आणि खाली मारायचं तर थोडा खाली, बरोबर ना?"

हे त्याला एका जुन्या उस्तादाने सांगितलंय. मलाही असंच सांगितलं होतं, आणि डोंगरातल्या पहिल्या सरावात माझ्या गोळ्या टार्गेटच्या डोक्यावरून गेल्या. म्हणून स्पष्ट लिहितो: यातली खाली मारण्याची गोष्ट नशिबाने बरोबर आहे, वर मारण्याची साफ चूक. दोन्हीकडे गोळी वरच लागते.

कारण साधं आहे. गुरुत्वाकर्षण गोळीला सरळ खाली ओढतं. नळी आडवी असेल तर ती सगळी ओढ नेमाच्या रेषेला आडवी पडते. नळी तिरपी झाली की ओढीचा काही भाग रेषेच्या दिशेनेच जातो आणि नेमावरून गोळी कमी ढळते. नळी अगदी आकाशाकडे धरली, तर गोळी नेमाच्या रेषेवरून ढळणारच नाही.

आता हिशोब करू. 7.62 ची रायफल, टार्गेट तिरप्या अंतराने 400 मीटर, चढ 30 अंश. सपाटीवर 400 मीटरला गोळी नळीच्या रेषेखाली सुमारे दीड मीटर येते आणि साईट तेवढी उचल देते. 30 अंशांचा कोसाइन 0.87, म्हणजे ढळणं राहिलं 1.3 मीटर. गोळी 20 सेंटिमीटर वर लागली. छातीवर धरलेला नेम गळ्याच्याही वर गेला, आणि वरून नेम आणखी उचलला तर विचारूच नका. उपाय: 400 गुणिले 0.87, साईट 350 वर, नेम जिथे मारायचं तिथेच. उतारावरही हेच.

दोन इशारे. लेझर रेंजफाइंडर तिरपं अंतर दाखवतो, पण नकाशावर मोजलेलं अंतर मुळात आडवंच असतं. त्याला पुन्हा कोसाइन लावला तर गोळी खाली जाईल. आणि वाऱ्यासाठी पूर्ण तिरपं अंतरच धरा, कारण हवेतून गोळी तेवढी जातेच.

दहा अंशांपर्यंत हे सोडून द्या, फरक दीड टक्का. तीस अंशांना सोडलंत तर महागात पडेल. कोनमापकाला दोरा आणि वजन बांधा, कोन मोजा, चार कोसाइन बटवर चिकटवा.

आमच्या बहुतेक रेंज सपाट, म्हणून ही चूक तिथे कधी उघडी पडत नाही. शिकवणारे मात्र तीच छातीठोकपणे डोंगरात नेतात. पुतण्याला मी म्हणालो, "उस्तादाचा मान ठेव, पण कोन स्वतः मोज."